घेवड्याच्या तीन बिया: गोष्ट आणि तिच्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही गोष्ट साधारण सहा ते दहा वर्षांच्या मुलांना वाचून दाखवण्यासाठी लिहिली आहे. तिच्यातला ग्लास घरी किंवा वर्गात जसाच्या तसा मांडता येतो, आणि बरेच जण तो मांडतातही. मग प्रश्न येतात. नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

गोष्ट पूर्ण वाचायला मिळेल का?

हो, ही घ्या.

एका उंच काचेच्या ग्लासात प्लॅस्टिकची पट्टी उभी होती. पट्टीला रबरबँडांनी घेवड्याच्या तीन बिया बांधल्या होत्या. ग्लास अर्धा पाण्याने भरलेला. थोरली बी पाण्याच्या बरीच वर, कोरड्या हवेत. मधली नेमकी पाण्याच्या काठाशी, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. धाकटी पार तळाशी, पाण्यात बुडालेली.

"सगळ्यात छान जागा माझी," थोरली म्हणाली. "अंगाला ओल नाही, भोवती मोकळी हवा."

"छे, छान जागा माझी!" तळातून धाकटी म्हणाली. "इथे पाणीच पाणी आहे. बीला आणखी काय हवं?"

मधली कुरकुरली, "मला मेलीला काहीच पुरतं मिळालं नाही. अर्धं अंग पाण्यात, अर्धं हवेत."

रात्री धाकटीच्या टरफलाला सुरकुत्या पडल्या. सकाळपर्यंत त्या गेल्या आणि ती फुगून टम्म झाली. मधलीही फुगली, पण जरा उशिराने. थोरली होती तशीच राहिली, लहान, टणक आणि चकचकीत.

"आजी, धाकटी जिंकणार बघ," मुक्ता म्हणाली. ग्लास तिनेच मांडला होता.

"फुगली म्हणजे रुजली असं नसतं गं," आजी म्हणाली. "थांब जरा."

तिसऱ्या दिवशी मधलीचं टरफल एका बाजूला फाटलं आणि त्यातून पांढरं टोक डोकावलं. थोडं पुढे येऊन ते खाली वळलं, थेट पाण्याकडे.

"मूळ! मधलीला मूळ फुटलं!" मुक्ता ओरडली.

"तू पण जोर लाव की," थोरली वरून धाकटीला म्हणाली.

"जोर लावायला श्वास लागतो," धाकटी हळूच म्हणाली. "इथे पाणी खूप आहे गं. हवाच पुरत नाही."

पाचव्या दिवशी मधलीचं मूळ बोटाच्या पेरापेक्षा लांब झालं. ग्लासातलं पाणी मात्र गढूळ दिसत होतं. मुक्ताने वास घेतला आणि नाक मुरडलं.

"आजी, धाकटी का गं उठत नाही?"

"तिला काय मिळालं?"

"पाणी."

"आणि काय नाही मिळालं?"

मुक्ताने ग्लास डोळ्यांसमोर धरला. थोरलीकडे पाहिलं, मग धाकटीकडे, मग बराच वेळ मधलीकडे. "हवा! थोरलीला नुसती हवा मिळाली, धाकटीला नुसतं पाणी. मधलीला दोन्ही मिळालं!"

मुक्ताने धाकटीला बाहेर काढलं. ती बोटांत पिचपिचीत लागली आणि तिच्या दोन डाळिंब्या सुट्या झाल्या. मुक्ताने तिला कुंडीतल्या मातीत पुरलं. मग ग्लास धुतला, ताजं पाणी भरलं आणि थोरलीला मधलीशेजारी पाण्याच्या काठाशी बांधलं.

"मी तर इतके दिवस नुसती बसून होते," थोरली म्हणाली. "आता उशीर झाला का गं?"

"कोरड्या बीला कसला उशीर?" मधली म्हणाली. "पाणी पी आधी."

थोरली प्यायली. तिच्या टरफलाला सुरकुत्या पडल्या, मग गेल्या. तीन दिवसांनी तिचंही पांढरं टोक बाहेर आलं. तोवर मधलीची मान वाकून वर निघाली होती, आणि टरफल तिने कधीच टाकून दिलं होतं.

धाकटी मरते. लहान मुलांना हे जड जात नाही का?

काही मुलांना वाईट वाटतं, आणि वाटू द्यावं. धाकटीला शेवटच्या क्षणी वाचवलं तर गोष्ट गोड होईल, पण मग ग्लासात दिसणाऱ्या गोष्टीशी ती जुळणार नाही. चार-पाच दिवस पाण्यात बुडून राहिलेली, वास मारू लागलेली बी बाहेर काढून ओल्या फडक्यात ठेवली तरी सहसा उठत नाही. मुलं ग्लास स्वतः पाहणार आहेत. गोष्टीने एक सांगितलं आणि ग्लासाने दुसरं दाखवलं, तर ती गोष्टीवरचा विश्वास सोडतात.

थोरलीचा भाग म्हणूनच जोडला आहे. कोरडी बी आणि मेलेली बी वरून सारख्याच दिसतात, दोघी काहीच करत नसतात. फरक कळतो तो पाणी दिल्यावर. थोरली पाच दिवस नुसती बसून होती, पण जिवंत होती, हे मुलांना तिला मूळ फुटलेलं पाहूनच पटतं. वर्गात हा शेवटचा टप्पा गाळू नका. तो गाळला तर "पाणी नाही म्हणून थोरली मेली" असा समज मुलांच्या डोक्यात पक्का बसतो.

बी फुगते पण रुजत नाही, असं खरंच होतं का?

होतं, आणि गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे.

बी फुगते ती कोरड्या स्पंजासारखी. तिच्यातली प्रथिनं आणि पिठूळ पदार्थ पाणी शोषून घेतात, आणि त्यासाठी बी जिवंत असण्याची गरज नसते. पारखायचं असेल तर काही बिया मोठ्यांनी थोड्या उकळून मारून घ्याव्यात, पूर्ण वाळवाव्यात आणि मग पाण्यात टाकाव्यात. त्याही फुगतात. मोड मात्र येत नाही.

घेवड्याची कोरडी बी फुगताना साधारण स्वतःच्या वजनाइतकं पाणी पिते. आधी टरफल ताणलं जातं आणि आतल्या डाळिंब्या मागे राहतात, म्हणून सुरकुत्या पडतात. डाळिंब्या भरल्या की सुरकुत्या जातात. इथपर्यंत धाकटी आणि मधली बरोबरीने चालतात, उलट धाकटी पुढे असते. त्यानंतरचं काम जिवंत बीचं. ओल मिळाल्यावर आतली विकरं कामाला लागतात, डाळिंब्यांत साठवलेलं अन्न साध्या रूपात येतं, आणि त्या अन्नातून ऊर्जा काढून आदिमूळ लांबू लागतं. ही ऊर्जा पुरेशी निघायला ऑक्सिजन लागतो. धाकटी अडते ती इथे.

मुलांना एक नेमकी खूण शिकवता येते. टरफल नुसतं सैल झालं किंवा फाटलं तर ते फुगण्याचं लक्षण. पांढरं टोक बाहेर आलं आणि दुसऱ्या दिवशी ते आदल्या दिवसापेक्षा लांब दिसलं, तरच बी रुजली म्हणायचं.

पाण्यातही ऑक्सिजन असतो. मासे त्यावर जगतात, मग धाकटी का नाही?

हा प्रश्न आठ-नऊ वर्षांची मुलं हमखास विचारतात, आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. पाण्यात ऑक्सिजन असतो, पण फार थोडा. २० अंश सेल्सिअसला एक लिटर हवेत साधारण २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तेवढ्याच पाण्यात, ते हवेशी पुरतं खेळलेलं असलं तरी, जेमतेम ९ मिलिग्रॅम. म्हणजे जवळपास तीस पट फरक.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. धाकटीने आपल्या अंगालगतचा ऑक्सिजन वापरून टाकला की दुसरा तिथे पोचायला हवा. हवेत वायू झटकन पसरतो. स्थिर पाण्यात तो हवेच्या तुलनेत हजारो पट सावकाश सरकतो. मासा पोहतो आणि कल्ल्यांवरून सतत नवं पाणी घेतो. बी जागची हलत नाही. ग्लासातलं पाणीही हलत नाही.

शिवाय बुडालेल्या बीतून साखर आणि इतर पदार्थ पाण्यात झिरपतात. त्यांवर जिवाणू वाढतात आणि उरलासुरला ऑक्सिजनही तेच संपवतात. गढूळ पाणी आणि आंबूस वास ही त्याची खूण. गोष्टीत मुक्ता नाक मुरडते ते यासाठी. मुलांनाही लांबून वास घेऊ द्या, निरीक्षण म्हणून वहीत लिहू द्या, आणि नंतर हात साबणाने धुवायला लावा.

आम्ही ग्लास मांडला, पण आमच्या थोरलीलाच मोड आला. असं का?

तिला कुठून तरी पाणी मिळालं. बहुतेक वेळा दोष पट्टीचा किंवा दोऱ्याचा असतो. पुठ्ठ्याची, लाकडाची किंवा कापडाची पट्टी पाणी वर ओढते. सुती दोराही ओढतो. थोरली मग वर बसून खालचं पाणी पीत राहते, आणि मुलांना वाटतं की बीला पाणी लागतच नाही. म्हणून पट्टी प्लॅस्टिकची आणि बांधायला रबरबँड. थोरली पाण्यापासून निदान ४ ते ५ सेंटिमीटर वर असू द्या. ग्लासावर झाकण ठेवू नका, नाहीतर आत वाफ कोंडते आणि थोरलीच्या अंगावर दव धरतं.

दुसरी चूक पाणी घालताना होते. पाणी रोज थोडं उडून जातं आणि मधली कोरडी पडते, म्हणून ग्लासावर बाहेरून पेनाने खूण करून रोज तिथपर्यंत पाणी भरावं लागतं. हे पाणी वरून ओतलं की थोरली भिजते. ग्लास किंचित तिरका धरून काचेच्या कडेने पाणी सोडा. हे काम एका मुलाकडे नेमून दिलेलं बरं.

आणि आमच्या धाकटीलाही पांढरं टोक फुटलं!

हेही होतं, आणि त्याने गोष्ट खोटी ठरत नाही. नळाच्या ताज्या पाण्यात सुरुवातीला थोडा ऑक्सिजन असतो. तेवढ्यावर एखादी दणकट बी टोक बाहेर काढते, मग थांबते. पाणी उकळून, झाकून, पूर्ण थंड करून वापरलं तर बराचसा विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. ग्लास अरुंद आणि उंच घ्या, म्हणजे हवेला लागून असलेला पाण्याचा पृष्ठभाग कमी राहतो आणि धाकटी खोल बसते. मध्येच पाणी ढवळू नका.

पाण्यावर तेलाचा थर देण्याची युक्ती काही जण सुचवतात. हवा अडवायला ती चांगली, पण या ग्लासात नको, कारण तेल मधलीच्या अंगाला लागतं आणि तिचीही हवा तुटते. तेल वापरायचंच तर बुडालेली बी वेगळ्या बाटलीत ठेवा.

टोक फुटलंच, तर मुलांना रोज मधलीचं आणि धाकटीचं मूळ पट्टीवर मोजायला लावा. पट्टी तिथे आहेच. मधलीचं वाढत जाईल, धाकटीचं एका जागी अडकेल. "फुटलं का?" याऐवजी "किती वाढलं?" असं विचारलं की उत्तर स्वच्छ मिळतं.

बीला ऊबही लागते. ती गोष्टीत का नाही?

तिन्ही बिया एकाच ग्लासात आहेत, म्हणजे तिघींची ऊब सारखीच. मुद्दाम तसं ठेवलं आहे. एका ग्लासात दोनच गोष्टी बदलतात, पाणी आणि हवा, त्यामुळे लहान मुलाला तुलना पेलते.

ऊब दाखवायची तर दुसऱ्या आठवड्यात चौथी बी घ्या. ओल्या फडक्यात सैल गुंडाळून, सैल झाकणाच्या डब्यात घालून तिला फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिजमध्ये साधारण ४ अंश तापमान असतं, आणि तिथे घेवडा रुजत नाही. पण एखादं मूल लगेच म्हणेल, "फ्रिजमध्ये अंधार असतो, म्हणून नाही रुजली." त्याचा मुद्दा बिनतोड आहे. त्यासाठी पाचवी बी लागते. तसंच फडकं, तसाच डबा, पण खोलीतल्या कपाटात, अंधारात. पाचवी रुजते. आता चौथी आणि पाचवी यांच्यात फरक उरला फक्त ऊबेचा, आणि अंधाराने बी अडत नाही हेही त्याच डब्याने दाखवलं.

घेवड्याला २० ते ३० अंशांच्या दरम्यानची ऊब मानवते. २५ अंशांच्या आसपास टोक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं, गोष्टीतले दिवस याच हिशेबाने धरले आहेत. गारठ्यात तेच आठवड्यावर जाऊ शकतं. तेव्हा थंडीच्या दिवसांत "गोष्टीत तिसऱ्या दिवशी आलं, आमचं का नाही?" असं मुलांनी विचारलं तर आधी खोलीचं तापमान बघा. फ्रिजमधली बी नंतर बाहेर काढली तर ती रुजेलच असं मात्र मुलांना सांगू नका. पाणी प्यायलेल्या घेवड्याला गारवा बाधतो. काही बिया उठतात, काही उठत नाहीत.

ऊन आणि माती यांचा उल्लेखच नाही. हे राहून गेलं का?

नाही. घेवड्याच्या बीला रुजायला दोन्ही लागत नाहीत. पहिल्या दिवसांचं अन्न तिच्या डाळिंब्यांत भरलेलं असतं. उजेड लागतो तो पानं उघडल्यावर, स्वतःचं अन्न स्वतः करायला. कपाटातली पाचवी बी तशीच वाढू दिली तर तिचा कोंब लांबलचक आणि फिकट पिवळा होतो. तो मुलांना जरूर दाखवा, कारण रुजणं आणि वाढणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत हे त्यातून थेट दिसतं. "ऊन, पाणी, माती मिळाली आणि बी रुजली" असं मुलांच्या बऱ्याच गोष्टींत लिहिलेलं असतं. तिथे या दोन पायऱ्या एकीत मिसळलेल्या असतात.

एकेकच बी पुरेल का?

गोष्टीला पुरेल, पुराव्याला नाही. पिशवीतल्या काही बिया आधीच मेलेल्या असतात. मधलीच्या जागी नेमकी तशी बी आली तर सगळा ग्लास फुकट.

वर्ग मोठा असेल तर दहा गट करा, दहा ग्लास मांडा आणि फळ्यावर थोरली, मधली, धाकटी असे तीन रकाने आखा. समजा सातव्या दिवशी नऊ ग्लासांतल्या मधल्या रुजल्या, एक नाही. थोरली कुठेच नाही, धाकटी एका ग्लासात टोकापुरती. आता मुलांना विचारा, ती एक मधली का रुजली नसेल? कोणी म्हणेल पाणी खाली गेलं होतं, कोणी म्हणेल बीच खराब होती. बोटाने दाबून बघा. घट्ट असेल तर तिला वेळ द्या, मऊ पडून घाण वास येत असेल तर ती गेली. नऊ एका बाजूला असताना एका बीमुळे निष्कर्ष बदलत नाही, हे मुलांना अशा वेळी न सांगताही कळतं.

घरी एकच ग्लास असेल तर पट्टीच्या दोन्ही बाजूंना मिळून प्रत्येक जागी दोन-दोन बिया बांधा. बिया बांधण्यापूर्वी निवडून घ्या. टरफलाला चीर गेलेली बी नको, कारण तिच्यात पाणी एकदम घुसतं आणि आतला भाग दुखावतो.

कुठल्या बिया वापरायच्या?

घेवड्याच्या वाळलेल्या बिया, म्हणजे राजमा. आकार मोठा, टरफल नीट दिसतं, नाभीजवळची खूण मुलांना भिंगाशिवाय सापडते. फार जुना साठा नको. पेरणीच्या पाकिटातल्या रंग लावलेल्या बियांवर बुरशीनाशक असू शकतं, त्या मुलांच्या हातात देऊ नका. आणि भिजलेल्या किंवा मोड आलेल्या कच्च्या बिया तोंडात घालायच्या नाहीत, हे आधीच बजावा. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं द्रव्य असतं, ते नीट उकळल्यावरच निष्प्रभ होतं.

हे सगळ्याच बियांना लागू आहे का?

पाणी सगळ्यांना लागतं. बाकी बाबतींत बियांचे स्वभाव वेगळे. लेट्यूसच्या काही जातींना आणि तंबाखूच्या बियांना रुजायला उजेड हवा असतो. भाताची बी तर बुडालेल्या अवस्थेतही कोंब वर काढते, मुळाला मात्र हवा मिळेपर्यंत थांबावं लागतं. वरच्या वर्गातल्या मुलांनी धाकटीच्या जागी भाताचा सालासकट दाणा टाकून बघावा. तो पट्टीला बांधता येत नाही, तेव्हा सरळ तळाशी सोडून द्या आणि आधी काय बाहेर येतं, कोंब की मूळ, ते टिपून ठेवायला सांगा.